तक्ता फाडा, करार वाचा

‘मॅस्लो आणि हर्झबर्ग यांच्या सिद्धांतांतील फरक स्पष्ट करा, गुण आठ.’ या एका प्रश्नाने मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या बिघडवल्या आहेत. मी ऑर्गनायझेशनल बिहेविअर हा विषय शिकवते, त्याचे पेपर तपासते, आणि या प्रश्नाला येणारं उत्तर मला आता पाठ झालं आहे. मध्ये एक उभी रेघ. डावीकडे १९४३, पाच पायऱ्या, त्रिकोण. उजवीकडे १९५९, दोन घटक, दोन चौकोन. खाली फायदे, तोटे आणि शेवटी ‘वर्कप्लेस एक्झाम्पल’ म्हणून गूगलच्या कचेरीतलं फुकट जेवण. कुर्ल्याला उतरून वर्गात येणारी मुलं कॅलिफोर्नियातल्या जेवणाचं उदाहरण देतात. त्यांना तेच शिकवलं गेलं आहे, म्हणून राग मुलांवर नाही. राग आहे तो नोट्स छापणाऱ्यांवर, तक्ते वाटणाऱ्यांवर, आणि ‘मॉडेल आन्सर’शी जुळवून मार्क देणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंवर.

तक्ता करणं वाईट नाही. हा तक्ता वाईट आहे, कारण त्यात प्रत्येक सिद्धांत आपापल्या रकान्यात सुखाने बसलेला असतो आणि कोणाचंच कोणाशी भांडण होत नाही. खरं तर हे सिद्धांत एकमेकांच्या विरुद्ध हुकूम देतात. एक म्हणतो पैसे असे वाटा, दुसरा म्हणतो तसे वाटाल तर खातं बसेल. तुलना करायची ती तिथे, जिथे एकाच निर्णयावर दोघांची टक्कर होते. हे समजायला कुर्ल्याबाहेर जायची गरज नाही.

कुर्ला पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गाच्या बाजूला प्रीमियर रोड नावाचा रस्ता आहे. नाव प्रीमियर ऑटोमोबाइल्सवरून आलं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या गेल्या, पुढे फियाट आली आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सीच्या काळ्या-पिवळ्या रंगात धावली. त्या जमिनीवर आता कोहिनूर सिटी उभी आहे: घरं, ऑफिसं, हॉस्पिटल, शिक्षणसंस्था. प्रेरणा आणि नेतृत्व या दोन धड्यांचं सगळं साहित्य ज्या मातीत पडून आहे, तिच्यावर बसून मुलं पेनसिल्व्हेनियातल्या इंजिनिअरांची उदाहरणं घोकतात.

प्रीमियरच्या मोटर प्रॉडक्शन विभागात कामगारांना इन्सेंटिव्ह मिळत असे. ते किती द्यायचं आणि कशाच्या आधारावर, हे कंपनी आणि युनियन यांच्या करारातून ठरे. कारखान्यात युनियन एकच नव्हती. कंपनीने एका युनियनशी नवा करार केला आणि दुसऱ्या युनियनच्या कामगारांनी तो आमच्यावर लादता येणार नाही म्हणून दिवाणी कोर्टात दावा ठोकला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९७५ मध्ये निकाल लागला की ज्या हक्काचा जन्मच औद्योगिक विवाद कायद्यातून झाला आहे, त्याची दाद त्या कायद्याच्या यंत्रणेकडे मागायची, दिवाणी कोर्टाला तो अधिकार नाही. ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध वाडके’ हा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. मॅनेजमेंटचा एकही विद्यार्थी मला असा भेटलेला नाही ज्याने त्याचं नाव ऐकलं आहे. भांडण मात्र पूर्णपणे त्याच्या विषयाचं होतं: उत्पादन वाढावं म्हणून दिलेला पैसा माणसांना सुप्रीम कोर्टापर्यंत का नेतो?

इथे दोन सिद्धांत समोरासमोर येतात, आणि माझ्या मते हे दोनच नीट समजले तर प्रेरणेच्या धड्याचं निम्मं काम होतं.

पहिला व्हिक्टर व्रूमचा, १९६४ चा. तो माणसाच्या गरजा मोजत बसत नाही. तो तीन गोष्टी विचारतो. मी जोर लावला तर काम होईल असं मला वाटतं का? काम झालं तर ठरलेलं फळ मिळेल याची मला खात्री आहे का? आणि त्या फळाची मला किंमत आहे का? व्रूम या तिघांचा गुणाकार करतो. नोट्समध्ये गुणाकाराचं चिन्ह छापलेलं असतं, पण त्याचा अर्थ कोणी सांगत नाही. अर्थ असा की तिघांतलं एक शून्य झालं की उरलेली दोन कितीही मोठी असली तरी उत्तर शून्य येतं. म्हणजे बक्षीस दुप्पट करून उपयोग नाही, जर कामगाराला वाटत असेल की टार्गेट गाठणं अशक्यच आहे.

दुसरा स्टेसी अ‍ॅडम्सचा, १९६३ ते ६५ मधला. त्याचं म्हणणं असं की माणूस आपल्याला काय मिळालं एवढंच बघत नाही. आपण किती घातलं आणि किती मिळालं याचं प्रमाण तो शेजारच्याच्या प्रमाणाशी ताडून बघतो. तिथे तफावत दिसली की तो काहीतरी करतोच: हात आखडता घेतो, जास्त मागतो, शेजाऱ्याच्या कामाला नावं ठेवतो, तुलनेसाठी दुसरा माणूस शोधतो, नाहीतर नोकरी सोडतो.

आता यांची टक्कर बघा. व्रूमचं ऐकायचं तर इन्सेंटिव्ह माणसाच्या स्वतःच्या कामाला जितकं चिकटवता येईल तितकं चिकटवा. मशीनवरच्या माणसाला त्याच्या मशीनच्या नगांवर पैसे द्या, म्हणजे जोर आणि फळ यांचा संबंध त्याला डोळ्यांनी दिसेल. पण कारखान्यात फक्त मशीनवरची माणसं नसतात. टूलरूम असते, मेंटेनन्स असतो, स्टोअर्स असतात, तपासणी असते. हत्यार धार लावून वेळेवर आलं नाही तर मशीन उभं राहतं, पण टूलरूमच्या माणसाचे नग मोजता येत नाहीत. इन्सेंटिव्ह जितकं थेट, तितकी त्याच्या कुंपणाबाहेर राहणारी माणसं जास्त, आणि अ‍ॅडम्सच्या हिशेबात ही सगळी माणसं रोज ताडून बघत असतात. उलट सगळ्यांना सारखं वाटा, तर अ‍ॅडम्स शांत होतो आणि व्रूम मरतो, कारण मी एकट्याने घाम गाळला काय आणि नाही गाळला काय, हजारो कामगारांत वाटून येणारा आकडा बदलत नाही. ज्या इंजिनिअरिंग कारखान्याने इन्सेंटिव्ह लावलं, त्याला या दोघांमध्ये कुठेतरी रेघ ओढावी लागली, आणि ती रेघ म्हणजेच करार. त्यात कोणतं खातं धरलं, अप्रत्यक्ष कामगाराला थेट कामगाराच्या किती टक्के दिलं, या कलमांत दोन्ही सिद्धांत एकमेकांशी तडजोड करताना दिसतात. आठ मार्कांच्या तक्त्यात याचं नावही नाही.

हे जुनं झालं म्हणणाऱ्यांसाठी आजचा हिशेब मांडून दाखवते. आकडे मी बसवलेले आहेत, पण मांडणी कुर्ल्याच्या कोणत्याही मॉलमध्ये सापडेल. कपड्यांचं शोरूम, आठ सेल्समन, महिन्याचं टार्गेट २० लाख. टार्गेट पूर्ण झालं तर प्रत्येकाला तीन हजार, नाहीतर काही नाही. २० तारखेला विक्री झाली आहे ८ लाख. म्हणजे दिवसाला सरासरी ४० हजार. उरलेल्या दहा दिवसांत १२ लाख हवेत, दिवसाला १ लाख २० हजार, आतापर्यंतच्या तिप्पट. आठही जणांना हे गणित येतं. २१ तारखेपासून सगळे थंड पडतात. तीन हजारांची किंमत त्यांच्या लेखी कमी झालेली नाही, टार्गेट झालं तर मालक पैसे देईल यावरही विश्वास आहे. फक्त पहिला आकडा शून्याला टेकला. स्टोअर मॅनेजर वरती मेल करतो की स्टाफ डीमोटिव्हेटेड आहे. वरून ट्रेनर येतो, मॅस्लोचा त्रिकोण भिंतीवर पाडतो, ‘आत्मसन्मानाची पायरी’ सांगतो आणि ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’चा फोटो लावायला सांगून निघून जातो. रोग एक, औषध भलत्याच रोगाचं. इथे टार्गेट आठवड्याचं करायला हवं होतं, पाच लाखाला साडेसातशे रुपये. वाईट गेलेला आठवडा तिथेच संपतो आणि सोमवारी पहिला आकडा पुन्हा जिवंत होतो.

पण समजा मॅनेजर आणखी पुढे गेला आणि त्याने इन्सेंटिव्ह प्रत्येकाच्या स्वतःच्या विक्रीवर एक टक्का केलं. व्रूमच्या दृष्टीने उत्तम. आता रविवारची पाळी कोणाला? रविवारी शोरूमची विक्री लाखावर जाते, मंगळवारी वीस हजारही होत नाही. मंगळवारवाला आणि रविवारवाला सारखेच तास उभे राहतात. कॅशवरच्या मुलीला काही नाही, गोडाऊनमधून साइझ काढून देणाऱ्या पोराला काही नाही. महिनाभरात गोडाऊनमधून माल यायला वेळ लागू लागतो, दारातच गिऱ्हाईक पकडण्यावरून दोघांची जुंपते, आणि जेवणाच्या सुट्टीत सगळे एकमेकांच्या पगाराच्या स्लिपबद्दल बोलतात. आता अ‍ॅडम्स बोलतो आहे.

दोन्ही वेळा वरून दिसणारं लक्षण एकच, विक्री घसरली. फरक ओळखायचा कसा, हे विद्यार्थ्याला आलं पाहिजे. व्रूमचा सांधा निखळला की सगळे एकदम थंड होतात, आणि एखाद्या ठरावीक तारखेनंतर होतात. अ‍ॅडम्सचा निखळला की काही जणच थंड होतात, बाकीचे जोरात असतात, आणि तक्रारीत ‘मला’ कमी आणि ‘त्याला’ जास्त ऐकू येतं. हजेरीपट आणि रोजची विक्री शेजारी ठेवली तर अर्ध्या तासात कळतं. अ‍ॅडम्सची एक मर्यादाही इथेच सांगून टाकते: माणूस स्वतःला कोणाशी ताडून बघेल हे त्याचा सिद्धांत आधी सांगू शकत नाही. ते जाऊन विचारावं लागतं.

आता मॅस्लो आणि हर्झबर्ग. यांना मी थोडक्यात आटोपते, कारण यांच्यावर आधीच फार शाई सांडली आहे. तो त्रिकोण मॅस्लोने काढलाच नाही. १९४३ च्या त्याच्या लेखात आकृती नाही. पिरॅमिड १९६० मध्ये चार्ल्स मॅकडर्मिड नावाच्या सल्लागाराच्या लेखातून मॅनेजमेंटच्या जगात आला. मॅस्लोने उलट स्पष्ट लिहिलं आहे की एक गरज शंभर टक्के भागल्यावरच दुसरी जागी होते असं नाही. एखाद्याची शरीराची गरज ८५ टक्के, सुरक्षिततेची ७०, प्रेमाची ५० आणि सन्मानाची ४० टक्के भागलेली असू शकते, असे नमुन्यादाखल आकडेही त्याने दिले. म्हणजे ‘एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढची नाही’ हे जे वाक्य तुम्ही मॅस्लोच्या नावावर लिहिता, त्याला मॅस्लोनेच नकार दिला आहे. त्या वाक्याला मार्क देणारा परीक्षक मूळ लेख न वाचलेला आहे.

हर्झबर्गने पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंटांना विचारलं: कामात फार बरं वाटलं तो प्रसंग सांगा, फार वाईट वाटलं तो सांगा. चांगल्या प्रसंगांत यश, कौतुक, कामातली गोडी आली. वाईट प्रसंगांत कंपनीचं धोरण, साहेब, पगार आले. त्यावरून त्याने मांडलं की पगार कमी असेल तर माणूस नाराज होतो, पण पगार वाढवून तो पेटून उठत नाही. यावर पहिला आक्षेप पद्धतीचा आहे आणि तो व्रूमनेच घेतला: चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःला देतो आणि वाईट झालं की दोष परिस्थितीला. तसा प्रश्न विचारलात तर दोन पेट्या आपोआप तयार होतात. दुसरा आक्षेप मुंबईचा आहे. हर्झबर्गच्या दोनशेंमध्ये बदली कामगार नव्हता. गिरणीतला बदली कामगार रोज सकाळी गेटवर जाऊन उभा राहायचा, कायम कामगार गैरहजर असला तर त्याला त्या दिवसापुरतं काम, नाहीतर घरी परत. वर्षानुवर्षं. त्याच्या पगाराला आणि कायमपणाला ‘हायजीन फॅक्टर’ म्हणणं, म्हणजे असायला हवा पण त्याने जोर येत नाही असं म्हणणं, हे ज्याने त्या रांगेत कधी माणूस पाहिला नाही तोच करू शकतो.

ही बदलीवाली माणसं आपल्याला १८ जानेवारी १९८२ कडे नेतात. त्या दिवशी मुंबईतल्या सुमारे साठ गिरण्यांमधले अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. संप वर्षाहून अधिक चालला आणि औपचारिकपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. नेतृत्व डॉ. दत्ता सामंतांचं. पलीकडच्या घाटकोपरला पंतनगरात दवाखाना चालवणारा हा डॉक्टर खाणकामगारांपासून सुरुवात करून इंजिनिअरिंग कारखान्यांच्या पट्ट्यात पोचला होता. प्रीमियरच्या कामगारांनीही सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जुन्या युनियनला सोडून त्यांना पत्करलं होतं. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून स्टँडर्ड मिलचे कामगार उठले आणि त्यांच्या दारी गेले.

मॅस्लोचा छापील त्रिकोण इथे लावून बघा. पोट आधी, सुरक्षितता नंतर, सन्मान त्याहून नंतर. तर मग पगार बंद झाल्यावर दुसऱ्या महिन्यात संप फुटायला हवा होता. माणसं कोकणात, साताऱ्याला गावी गेली, दागिने मोडले, पण बहुसंख्य महिनोन्‌महिने कामावर परतली नाहीत. त्रिकोणाकडे याचं उत्तर नाही.

अ‍ॅडम्सकडे आहे. गिरणगावातला आणि कुर्ल्यातला कामगार एकमेकांना अनोळखी नव्हते. एकाच गावचे, एकाच भावकीचे, पुष्कळदा एकाच खोलीत राहणारे. एक भाऊ गिरणीच्या साचेखात्यात आणि दुसरा इंजिनिअरिंग कारखान्यात. एकेकाळी गिरणीचा पगार हाच मुंबईतला मानाचा पगार होता. इंजिनिअरिंग आणि औषधांच्या कारखान्यांनी तो मागे टाकला, आणि सामंतांच्या करारांनी ते अंतर डोळ्यांत भरण्याइतकं वाढवलं. गिरणीकामगाराने स्वतःला कोणाशी ताडून पाहिलं, हे घराघरात दिसत होतं.

व्रूमकडे उरलेलं उत्तर आहे. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ प्रमाणे गिरणीधंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन मालकांशी बोलू शकत होती, ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. तिच्यामार्फत काही मिळेल यावरचा कामगारांचा विश्वास संपला होता: व्रूमच्या गुणाकारात शून्य. सामंतांकडे मात्र मागे ओळीने करार होते. माझ्या भावाला याच माणसाने मिळवून दिलं, म्हणजे मला मिळेल. अपेक्षेचा आकडा वर गेला तो भाषणाने नाही, पुराव्याने.

पण व्रूमच्या आकड्यांबद्दल एक गोष्ट नोट्स हमखास गाळतात. ते आकडे माणसाच्या डोक्यातले असतात. बाहेरची परिस्थिती वेगळी असू शकते. पद्मिनीसाठी गिऱ्हाईक नंबर लावून थांबलं होतं. असा कारखाना बंद राहिला की मालकाचं रोज नुकसान. कापडाचं तसं नव्हतं. गिरण्यांकडे शिलकी माल होता, भिवंडीचे यंत्रमाग कापड काढत होते, पुष्कळ गिरण्या आधीच तोट्यात होत्या, आणि मालकांना थांबणं परवडत होतं. जोर लावला तर फळ मिळेल ही साखळी प्रीमियरमध्ये खरी होती आणि गिरणीत तुटलेली होती. कामगारांची प्रेरणा तितकीच प्रखर होती, तरी ते हरले. प्रेरणेचा सिद्धांत माणूस जोर का लावतो ते सांगतो. जोर लावून यश येईल का, हे तो सांगत नाही, आणि ही सीमा ज्याला कळली नाही त्याच्या हातात कारखाना देणं धोक्याचं आहे.

नेतृत्वाच्या प्रकरणात तर तक्त्याने आणखी वाट लावली आहे. ‘दत्ता सामंतांचं नेतृत्व कोणत्या प्रकारचं होतं?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘करिष्माई’. संपलं. मग विचारा, तोच करिष्मा इंजिनिअरिंगमध्ये जिंकला आणि गिरण्यांत हरला, तर करिष्म्याने काय समजावलं? जो शब्द जिंकण्यालाही लागू पडतो आणि हरण्यालाही, तो नेत्याला चिकटवलेलं लेबल आहे, त्याने काहीच सिद्ध होत नाही.

इथे फ्रेड फीडलर कामाला येतो, ज्याला विद्यार्थी सगळ्यात जास्त कंटाळतात. १९६७ मध्ये त्याने मांडलं की माणसाची नेतृत्वाची धाटणी सहसा बदलत नाही. कोणी कामावर रोखलेला असतो, कोणी नात्यांवर. हे तो ज्या पद्धतीने मोजतो ती वरकरणी विचित्र आहे: आजवर ज्याच्याबरोबर काम करणं सगळ्यात जड गेलं, त्या सहकाऱ्याला गुण द्यायला सांगायचं. त्यालाही जो बरे गुण देतो तो नात्यांचा माणूस, जो झोडपतो तो कामाचा. मग परिस्थितीचे तीन प्रश्न. लोकांचा नेत्यावर विश्वास आहे का? काम आखीव आहे का? आणि नेत्याच्या हातात पदाची ताकद आहे का? यांतून आठ प्रकारच्या परिस्थिती तयार होतात.

सामंतांची केस यात घाला. इंजिनिअरिंग कारखान्यात कामगारांचा विश्वास भरपूर. काम आखीव: एक मालक, एक गेट, मागणी रुपयांत, उत्पादन थांबलं की परिणाम दिसतो. पदाची ताकद कमी, कारण कामगारांना बांधून ठेवायला हातात काहीच नसतं. फीडलरच्या मांडणीत ही दुसरी परिस्थिती, आणि इथे कामावर रोखलेला, मागणी सोडायला तयार नसलेला नेता चालतो. गिरण्यांत विश्वास तोच, पदाची ताकद तशीच कमी, उलट कायद्याने वाटाघाटीच्या टेबलावर खुर्चीच नाही. बदललं फक्त मधलं उत्तर. साठ गिरण्या, काही खासगी, काही सरकारी महामंडळाच्या, मालकांचा संघ, राज्य सरकार, दिल्ली, मान्यताप्राप्त युनियन, आणि मागण्यांमध्ये पगाराबरोबर तो १९४६ चा कायदाच काढून टाकण्याची मागणी. कोणाला कसं वाकवायचं याची आखणीच नाही. एवढ्या एका बदलाने केस चौथ्या परिस्थितीत सरकते, आणि तिथे फीडलर सांगतो की कामावर रोखलेला नेता मागे पडेल, नाती जुळवणारा, विरोधकांमध्येही जागा शोधणारा नेता पुढे जाईल. सामंतांची धाटणी तीच राहिली. कंपनीचा ताळेबंद हा वाटाघाटीचा आधार त्यांनी आधीही मानला नव्हता, आताही मानला नाही.

मी हे सिद्ध झालं म्हणून सांगत नाही. सामंतांकडून कोणी फीडलरची प्रश्नावली भरून घेतली नव्हती, त्यांची धाटणी मी त्यांच्या वागण्यावरून धरते आहे. फीडलरने अभ्यास केला तो टीम, पथकं, कारखान्यातल्या तुकड्यांचा. अडीच लाखांच्या संपाचा नाही. समोर सरकारने हटायचंच नाही ठरवलं होतं, तर नाती जुळवणारा नेताही हरला असता, असंही कोणी म्हणू शकेल. म्हणू द्या. हा वाद घालता येतो, कारण फीडलर चुकण्याची जोखीम घेऊन काहीतरी नेमकं बोलतो. करिष्म्याच्या रकान्याशी वादच घालता येत नाही.

आणि बर्न्स, बास? ट्रान्झॅक्शनल विरुद्ध ट्रान्सफॉर्मेशनल, आणखी एक उभी रेघ. जेम्स मॅकग्रेगर बर्न्सने १९७८ मध्ये ही दोन टोकं मांडली, पण बर्नार्ड बासने १९८५ मध्ये साफ सांगितलं की एकाच नेत्यात दोन्ही असू शकतात. सामंतांची मागणी शुद्ध देवघेवीची होती, रुपये आणि बोनस. त्यामागे उभं राहणाऱ्या माणसाची स्वतःबद्दलची समजूत मात्र त्याने बदलत होती; गेटवर वाकून उभा राहणारा बदली कामगार मालकाच्या नावाने घोषणा देऊ लागला होता. त्यांना एका रकान्यात कोंबणारं उत्तर चूक आहे, आणि तसं उत्तर मागणारा प्रश्न त्याहून चूक आहे. हर्सी-ब्लँचर्ड, ब्लेक-माउटनचे चौकोन मी इथे घेत नाही, कारण या केसमध्ये ते काही नवीन सांगत नाहीत. सगळे सिद्धांत सगळीकडे लावायचे ही सवयही तक्त्यानेच लावली आहे.

पेपर काढणाऱ्यांना माझी उघड मागणी आहे. ‘फरक स्पष्ट करा’ बंद करा. त्याऐवजी एका इंजिनिअरिंग कारखान्यातल्या इन्सेंटिव्ह कराराचं एक पान छापा आणि पुढचा प्रश्न विचारा. मी माझ्या वर्गात तो विचारते, आणि पाठांतरावर आलेली मुलं पहिल्यांदा पेन खाली ठेवतात, मग शेजारच्याशी भांडू लागतात.

‘या करारात थेट उत्पादनातल्या कामगाराला पूर्ण इन्सेंटिव्ह, टूलरूम आणि मेंटेनन्सला त्याच्या निम्मं, आणि कॅन्टीनला काहीच नाही. कारखान्यात दोन युनियन आहेत आणि करारावर एकीचीच सही आहे. सहा महिन्यांनी उत्पादन कोणत्या खात्यात आणि कोणत्या कारणाने आधी घसरेल, हे व्रूमप्रमाणे सांगा. मग अ‍ॅडम्सप्रमाणे सांगा. दोघांची उत्तरं जुळत नसतील, तर कोण बरोबर ते ठरवण्यासाठी पहिल्या महिन्यापासून तुम्ही कोणते दोन आकडे लिहून ठेवाल? दुसऱ्या युनियनचा नेता उद्या गेटवर मीटिंग घेणार आहे. फीडलरच्या तीन प्रश्नांची उत्तरं देऊन त्याची परिस्थिती ठरवा, आणि तो जिंकेल की नाही ते कारणासह लिहा. गुण वीस.’